ताईचे 36 टक्के आणि असेसमेंट शीटवरचा रिकामा रकाना

दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्के कमी लागले तर पुढे नेमकं काय करायचं हे मला तेव्हा मराठीत कुठेच धड सापडलं नव्हतं, म्हणून आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहितोय. प्रमाणपत्र माझ्या थोरल्या बहिणीचं, कागदांची धावपळ माझी. गोष्ट 2022-23 ची आहे, तेव्हा जे नियम होते त्यांच्यावर सगळं चाललं, नंतर काय बदललं तेही सांगतो.

ताईला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायावर गेला. ती विक्रोळीला राहते आणि फोर्टात एका खासगी ऑफिसमध्ये अकाउंट्सला आहे. चालताना डावा हात मांडीवर दाबून ठेवते कारण मांडीच्या पुढच्या स्नायूत जोर नाही, हात काढला की गुडघा आत दुमडतो आणि ती खाली येते. तिचे सगळे कुर्ते डाव्या मांडीवर एकाच जागी विरलेले असतात, बाकी कापड नवं. इतकी वर्षं तिने प्रमाणपत्र काढलंच नव्हतं, आईचं म्हणणं असायचं की पोरगी कमावते, चालते, कशाला शिक्का लावून घ्यायचा, आणि ताईलाही ते पटायचं. पण पंचेचाळिशीनंतर पाय जास्तच थकायला लागला, दोनदा स्टेशनच्या जिन्यात पडली, आणि ऑफिसच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर इन्कम टॅक्समध्ये कलम 80यू खाली 75,000 रुपयांची वजावट मिळते, पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापला जात नाही, बेस्टच्या आणि एसटीच्या सवलती आहेत त्या वेगळ्या. तेव्हा कुठे ती तयार झाली.

अर्ज swavlambancard.gov.in वर भरला, आधार, फोटो, सही अपलोड केली, हॉस्पिटल निवडलं, तारीख मिळाली. हा भाग सरळ होता. हॉस्पिटलमध्ये केस पेपर काढून आम्ही रांगेत बसलो, नंबर आल्यावर डॉक्टरांनी ताईला टेबलावर झोपायला सांगितलं, पाय वर उचला, गुडघा सरळ करा, पंजा वर ओढा, खाली दाबा, असं सगळं हाताने रेटून बघितलं, कागदावर आकडे लिहिले आणि झालं म्हणाले. डॉक्टर वाईट नव्हते, घाईतही नीट बोलले, बाहेर अजून चाळीस-पन्नास माणसं उभी होती. काही दिवसांनी प्रमाणपत्र आलं. कायमस्वरूपी अपंगत्व, डावा पाय, 36 टक्के.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जवळजवळ सगळे लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात, नोकरीतलं 4 टक्के आरक्षणसुद्धा. 36 म्हणजे सरकारने मान्य केलं की तुमचा पाय अधू आहे, पण लाभ काहीच नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तेसुद्धा रंगावरून कळतं, 40 च्या खाली पांढरी पट्टी, 40 ते 80 च्या मध्ये पिवळी, 80 आणि वर निळी. ताईचं पांढरं आलं. तिने ते पाकिटातून काढून बघितलं आणि म्हणाली, "असू दे रे, चार टक्क्यांसाठी कुठे भांडत बसायचं." मला ते अजिबात पटलं नाही. जी बाई पन्नास वर्षांच्या तोंडाशी रोज लोकलने फोर्ट गाठते तिला कागद म्हणतो की तू पुरेशी अधू नाहीस, हे मला झोपू देत नव्हतं.

आता लोक काय सुचवतात ते बघा. एकाने सांगितलं की गेटबाहेर माणूस असतो, तो 45 करून देतो. त्याच्या वाटेला आम्ही गेलो नाही आणि कोणीच जाऊ नये, कारण सगळं ऑनलाइन नोंदलेलं असतं आणि अधिनियमाच्या कलम 91 प्रमाणे खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्याने सांगितलं की एका मोठ्या ऑर्थोपेडिकचं पत्र आण, "पेशंटला फार त्रास आहे, सवलत मिळावी" असं. ते पत्र आम्ही खरंच मिळवलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, का ते पुढे येईल.

वाट दाखवली ती घाटकोपरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी, ज्यांच्याकडे ताई पडल्यापासून व्यायामाला जायची. त्यांनी प्रमाणपत्र बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शीट कुठेय?" मी म्हटलं कसली शीट. तर त्या म्हणाल्या, प्रमाणपत्रावर फक्त उत्तर असतं, गणित असेसमेंट शीटवर असतं, ज्याच्यावर डॉक्टरांनी प्रत्येक सांध्याचे आकडे लिहिलेत. ती शीट बघितल्याशिवाय अपील लिहू नका, नाहीतर तुम्ही फक्त "टक्के कमी दिले" एवढंच लिहाल आणि ते "बरोबर दिले" एवढंच उत्तर देतील.

शीट मागायला गेलो तर खिडकीवर उत्तर मिळालं की ते पेशंटला देत नाहीत, ऑफिस रेकॉर्ड आहे. खिडकीशी वाद घालत बसलो नाही, आरटीआय टाकला. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयावर हवा आणि साधारण 150 शब्दांच्या आत. म्हणून फापटपसारा न लावता असं लिहिलं (अर्ज ताईच्या नावाने आणि सहीने, कारण वैद्यकीय माहिती तिची स्वतःची, दुसऱ्याने मागितली तर खासगी माहिती म्हणून नाकारतात):

"माझी दिव्यांगत्व तपासणी आपल्या रुग्णालयात झाली असून प्रमाणपत्र क्रमांक व तपासणीची तारीख खाली दिली आहे. सदर तपासणीच्या वेळी भरलेला मूल्यमापन तक्ता, त्यातील सांधानिहाय नोंदी व एकूण टक्केवारी काढल्याचा हिशेब, यांची साक्षांकित प्रत मिळावी. माहिती माझ्या स्वतःबद्दलची आहे. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे."

कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं, पानाला 2 रुपये भरून प्रत घेतली, दोनच पानं. पण सगळी केस त्या दोन पानांतच होती.

आता गणित सांगतो. थोडं लक्ष देऊन वाचा कारण पायाच्या अपंगत्वाचं ज्यांचं प्रकरण आहे त्यांना हे कळणं फार गरजेचं आहे. केंद्र सरकारने 4 जानेवारी 2018 च्या अधिसूचनेत मोजणीची पद्धत ठरवून दिली होती आणि ताईची तपासणी त्या पद्धतीने होती. त्यात पायाचे दोन भाग धरतात. एक हालचाल, म्हणजे सांधे किती वळतात आणि स्नायूंत जोर किती. दुसरा स्थैर्य, म्हणजे त्या पायावर माणूस उभा राहू शकतो का, बसू शकतो का, वळू शकतो का. प्रत्येक भागाची कमाल किंमत 90.

ताईचे सांधे नीट वळतात, प्रश्न फक्त जोराचा. स्नायूचा जोर 0 ते 5 असा मोजतात. 5 म्हणजे पूर्ण जोर, नुकसान शून्य. 4 असेल तर 20 टक्के नुकसान, 3 ला 40, 2 ला 60, 1 ला 80, आणि 0 म्हणजे स्नायू हलतच नाही, 100 टक्के. एका सांध्याभोवतीच्या स्नायूंची सरासरी काढायची आणि तिला 0.30 ने गुणायचं, कारण खुबा, गुडघा, घोटा या तिघांना सारखं वजन दिलंय. शीटवर ताईच्या खुब्याच्या सगळ्या स्नायूंना 4 दिला होता, म्हणजे नुकसान 20, त्याचे झाले 6. गुडघ्याला पुढचा स्नायू 2 आणि मागचा 4, म्हणजे 60 आणि 20 ची सरासरी 40, त्याचे 12. घोट्याला पंजा वर ओढणारा 1 आणि खाली दाबणारा 3, म्हणजे 80 आणि 40 ची सरासरी 60, त्याचे 18. बेरीज 36.

मॅडमनी स्वतः परत तपासून बघितलं आणि म्हणाल्या, डॉक्टरांनी एक आकडाही चुकीचा लिहिलेला नाही, मी पण हेच दिले असते. मला आधी वाईटच वाटलं, म्हटलं संपलं मग. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर वर "स्थैर्य" आणि खाली नऊ ओळी, प्रत्येकीपुढे 10 गुणांचा रकाना. सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघ्यांवर बसणं, वळणं. नऊच्या नऊ रकान्यांवरून पेनाने एक आडवी रेघ मारलेली. शून्य नाही, "करू शकते" नाही, नुसती रेघ. आणि ताईला कोणी टेबलावरून उठवून उभं राहायला सांगितलंच नव्हतं हे आम्हा दोघांना पक्कं आठवत होतं.

म्हणजे 36 हे अर्धंच उत्तर होतं. दोन भाग एकत्र करायला साधी बेरीज करत नाहीत, त्याचं सूत्र असं आहे:

```
a + b × (90 − a) / 90
```

a म्हणजे दोघांतला मोठा आकडा, b म्हणजे लहान. असं करायचं कारण पायाची एकूण किंमत 90 च्या पुढे जाऊ नये. मॅडमनी ताईकडून नऊही कृती करून घेतल्या, त्यांच्या मते अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं आणि गुडघ्यांवर बसणं या तीन अजिबात होत नाहीत, म्हणजे स्थैर्याच्या नुकसानीचे 30. सूत्रात घातलं तर 36 अधिक, 30 गुणिले 54 भागिले 90, म्हणजे 18, एकूण 54. पुष्कळ जण 36 आणि 30 मिळून 66 समजतात आणि अपिलात 66 मागतात, तसं केलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की यांनी नियम वाचलेला नाही.

यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं. डॉक्टरांनी जे मोजलं त्याच्यावर आमचा काही वाद नव्हता. जे मोजलंच नाही तेवढं मोजा, एवढंच मागायचं होतं.

मग रिपोर्ट. इथे लोकांचा सगळ्यात जास्त पैसा फुकट जातो म्हणून थोडं थांबतो. आमच्याकडे ते ऑर्थोपेडिकचं पत्र होतं, त्यात "डाव्या पायात बरीच अशक्तता, रोजच्या कामात अडचण" असं होतं. मोजणी करणाऱ्याला त्यातून एकही रकाना भरता येत नाही. अडचण किती, कुठे, कशावरून, यातलं काहीच नाही. एमआरआय पण कोणीतरी सुचवला होता, पोलिओच्या पायाला त्याची काही गरज नव्हती, मॅडमनी सरळ नको म्हटलं. आम्ही शेवटी जोडलं ते असं. एका फिजिकल मेडिसिनच्या डॉक्टरांकडून स्नायूंचा तक्ता करून घेतला, प्रत्येक स्नायूपुढे 0 ते 5 मधला आकडा, तारीख, सही, रजिस्ट्रेशन नंबर. त्यांनीच नऊ कृतींचा वेगळा कागद केला, प्रत्येकीपुढे "आधाराशिवाय करते", "आधाराने करते", "करू शकत नाही" यातलं एक. टेपने मांड्यांचा घेर घेतला, गुडघ्याच्या वाटीपासून ठराविक अंतरावर, डावी मांडी उजवीपेक्षा पाच सेंटिमीटर बारीक निघाली. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर डावा पाय उडतच नाही हेही लिहिलं. आणि एक ईएमजी, ज्यात स्नायूंचं जुनं, भरून न येणारं नुकसान दिसतं. पायाच्या लांबीचा स्कॅनोग्राम काढला त्यात फरक अर्ध्या इंचाच्या आत आला, त्याचे काही गुण होत नाहीत, पण काढला होता म्हणून लपवला नाही, तोही जोडला.

घेर आणि हातोडीचं इतकं महत्त्व का, तर जोर दाखवणं हे पेशंटच्या हातात असतं, मुद्दाम कमी लावता येतो, आणि टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या डॉक्टरांच्या मनात ही शंका कायम असते. पण मांडी बारीक करून दाखवता येत नाही, आणि हातोडीला पाय उडायचा असेल तर थांबवूनही सहज थांबत नाही. मॅडमनी ताईला बजावून सांगितलं होतं की खोटा जोर कमी लावलेला हाताला लगेच कळतो, स्नायू खरंच अशक्त असेल तर एकसारखा दबतो, नाटक असेल तर झटके देत सुटतो. ताईला हे सांगायची गरजच नव्हती. तिचा प्रॉब्लेम उलटा होता.

अपील आहे अधिनियमाच्या कलम 59 खाली. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयाने ज्याचं समाधान झालं नाही तो राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो, आणि मुदत व पद्धत राज्य ठरवतं. आपल्या प्रकरणासाठी प्राधिकारी कोण आणि मुदत किती हे हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या ऑफिसात लेखी विचारून घ्या, तोंडी नको, कारण एका टेबलावर एक सांगतात आणि दुसऱ्या टेबलावर दुसरंच. आम्ही एक प्रत हॉस्पिटललाही दिली. पत्र एक पानाचं होतं, मुख्य मजकूर असा:

"दि. … रोजीच्या तपासणीत माझ्या डाव्या पायाच्या स्नायूशक्तीचे मूल्यमापन होऊन 36 टक्के हानी नोंदवली आहे. त्या नोंदींबाबत माझी हरकत नाही. मात्र माहिती अधिकारात मिळालेल्या मूल्यमापन तक्त्यात (जोडपत्र 2, पान 2) स्थैर्य घटकातील नऊही कृतींसमोर नोंद नाही व त्या कृती माझ्याकडून करून घेण्यात आल्या नाहीत. 4 जानेवारी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पायाच्या अपंगत्वाची टक्केवारी हालचाल व स्थैर्य हे दोन्ही घटक एकत्र करून काढावयाची आहे. तरी स्थैर्य घटकाची प्रत्यक्ष तपासणी करून एकत्रित टक्केवारी निश्चित करावी, ही विनंती."

यात 54 हा आकडा मुद्दाम लिहिला नाही. आकडा ठरवणं त्यांचं काम, आपण आकडा मागितला की बोलणं आकड्यावर येतं आणि रिकामा रकाना बाजूला पडतो. घरची परिस्थिती, वय, किती वर्षं सोसलं, हे सुद्धा एका ओळीत नाही. ताईला हे कोरडं वाटलं होतं, ती म्हणाली निदान पडले होते ते तरी लिही. मी म्हटलं ते बोर्डापुढे विचारलं तर सांग. जोडपत्रांना नंबर टाकले, प्रत्येक पानावर पान क्रमांक, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का नंबरासकट मारून घेतला. तो आवक नंबर पुढे फार कामी आला, कारण चौकशीला गेलं की पहिलं वाक्य हेच असतं, "असा काही अर्ज दिसत नाहीये." नंबर दाखवला की फाइल सापडते.

मध्ये बरेच महिने गेले. दर पंधरवड्याला ईमेल, अधूनमधून लंच टाइमनंतर प्रत्यक्ष चक्कर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकदाचं बोलावण्याचं पत्र आलं.

एक गोष्ट इथे समजून घ्या. अपिलीय बोर्ड फक्त रिकामा रकाना भरून देत नाही, सगळी तपासणी पहिल्यापासून करतं. म्हणजे टक्के वाढू शकतात तसे कमीही होऊ शकतात. आमचे स्नायूंचे आकडे दोन ठिकाणी जुळत होते म्हणून आम्हाला तेवढी धास्ती नव्हती, पण ज्यांचे पहिले टक्केच सढळ हाताने दिलेले आहेत त्यांनी आधी बाहेर तपासून घ्यावं.

बोर्डात तीन डॉक्टर होते. त्यांनी आधी टेबलावर झोपवून सगळा जोर बघितला, टेपने मांडी मोजली, आमचा तक्ता बाजूला ठेवून स्वतःचे आकडे लिहिले. मग त्यांच्यातल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, आता खाली उतरा, चालून दाखवा." ताई उतरली आणि चालायला लागली, हात मांडीवर, पण इतकी ताठ आणि नीट चालली की मला धडकीच भरली. चाळीस वर्षं तिने हीच प्रॅक्टिस केलीय की कोणाला कळता कामा नये. वळताना टेबलाची कड धरली, ती पण अशी की सहज हात ठेवलाय असं वाटावं. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "कशाला धरू नका. आणि डावा हात वर करा."

ताईने हात मांडीवरून काढला, एक पाऊल टाकलं आणि गुडघा दुमडला. मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी दंडाला धरलं, पडू दिलं नाही. नंतर अधू पायावर उभं राहायला सांगितलं, एक सेकंदही झालं नाही. उकिडवं बसायला सांगितलं, तिने प्रयत्न केला आणि अर्ध्यातच म्हणाली, "नाही होत मला." माझ्या आठवणीत ताईने हे वाक्य दुसऱ्या माणसासमोर कधी म्हटलेलं नाही. गुडघ्यांवर बसायला मात्र ती खुर्ची धरून कशीतरी बसली. जिना कठडा धरून चढली. मांडी घालून बसली.

ऑर्डर आली 48 टक्क्यांची. जोराचे 36 तसेच, स्थैर्याचे 20, म्हणजे 36 अधिक 12. आमच्या फिजिओ मॅडमनी गुडघ्यांवर बसणं धरलं होतं, बोर्डाने धरलं नाही कारण आधाराने का होईना ती बसली, आणि हात काढून चालता येत नाही हे बघूनही सपाट चालण्याचे गुण दिले नाहीत कारण मांडीवर हात धरून ती चालते. यावर मतभेद होऊ शकतो आणि माझं मत अजून असं आहे की मांडीला हात लावून चालणं हे आधाराशिवाय चालणं नव्हे. पण ही डॉक्टरांच्या निर्णयाची जागा आहे, तिथे रकाना रिकामा नाही, कारण लिहिलेलं आहे, म्हणून आम्ही तिथे थांबलो.

ऑर्डर हातात आली म्हणजे काम झालं असं नाही. पोर्टलवर अजून 36 च होते आणि कार्ड पांढरंच. ऑफिसच्या एचआरने युडीआयडी नंबर टाकून बघितला आणि म्हणाले सिस्टिममध्ये 36 दिसतंय, आम्ही कागद घेऊ शकत नाही. त्यांचं बरोबर होतं. परत मूळ हॉस्पिटलच्या दिव्यांग कक्षात ऑर्डरची साक्षांकित प्रत देऊन नोंद बदलायचा अर्ज केला, त्यालाही आवक नंबर घेतला. तिथला एक क्लार्क भाऊ खरंच चांगला निघाला, आमच्यासमोर बसून नोंद कुठे अडकलीय ते शोधलं, नवीन प्रमाणपत्र निघालं आणि मग पिवळ्या पट्टीचं कार्ड घरी आलं. नाव, जन्मतारीख, आधार यातलं एक अक्षर जरी जुन्या नोंदीशी जुळलं नाही तरी इथे अडतं, ताईचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन कागदांवर वेगळं होतं तर आधी ते निस्तरावं लागलं.

त्या मार्चच्या आत कार्ड आल्यामुळे त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये 80यू ची वजावट घेता आली. प्रोफेशनल टॅक्सचे दर महिन्याचे 200 आणि फेब्रुवारीचे 300 कापणं बंद झालं, वर्षाचे 2500. रेल्वेच्या लांबच्या तिकिटाची सवलत मात्र या प्रमाणपत्रावर आपोआप मिळत नाही, तिला सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही असा डॉक्टरांचा वेगळा दाखला लागतो, आणि ताई एकटी प्रवास करते, म्हणून आम्ही तो मागितला नाही.

आता अर्ज करणाऱ्यांनी दोन बदल लक्षात घ्या. मार्च 2024 मध्ये केंद्राने मोजणीच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे माझ्या वरच्या पत्रातली 4 जानेवारी 2018 ही तारीख जशीच्या तशी उचलू नका, तुमची तपासणी ज्या दिवशी झाली त्या दिवशी कुठल्या सूचना लागू होत्या त्या डाउनलोड करून आपल्या अवयवाचं प्रकरण वाचा आणि शीटशी ओळीला ओळ लावून बघा. आणि 80यू ची वजावट जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, नवीन पद्धतीत असाल तर नाही, हे एचआरला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. ताईने यंदा एप्रिलमध्येच जुनी पद्धत लिहून दिली.